व्याजाचा आकडा जुळत नाही: प्राप्तिकराच्या नोटिशीला उत्तर

प्राप्तिकर विवरणपत्रात दाखवलेले व्याज आणि खात्याच्या संगणकात नोंदलेले व्याज यांत फरक पडला की करदात्याला आधी मोबाइलवर किंवा ईमेलवर सूचना येते आणि पुढे काही वेळा नोटीस. हा दुसरा आकडा येतो वार्षिक माहिती विवरणपत्रातून. ‘एआयएस’ या नावाने ते ओळखले जाते आणि नोव्हेंबर २०२१ पासून प्राप्तिकराच्या संकेतस्थळावर प्रत्येक पॅनधारकाला पाहता येते. बँका, पोस्ट, कंपन्या आणि म्युच्युअल फंड यांनी पॅन क्रमांकासह कळवलेली माहिती त्यात एकत्र होते. व्याजाची नोंद तेथे दोन वाटांनी पोहोचते. बँकेने टीडीएस कापला असेल तर कलम १९४अ खाली एक ओळ उमटते, आणि टीडीएस कापला असो वा नसो, खात्यावर जमा झालेल्या व्याजाचा वेगळा अहवालही बँक पाठवते.

त्यामुळे एआयएस म्हणजे इतरांनी करदात्याविषयी दिलेली माहिती, एवढेच. ती अंतिम नाही आणि पूर्णही नाही. गावातल्या पतसंस्थेतील ठेवीचे व्याज त्यात अनेकदा दिसत नाही, पण म्हणून ते करमुक्त होत नाही. उलट बाजूने, जे त्यात दिसते ते सगळे त्याच माणसाचे उत्पन्न असते असेही नाही. नोटिशीला द्यायचे उत्तर या दुसऱ्या शक्यतेभोवती फिरते: दाखवलेल्या रकमेपैकी आपले किती, आपले नाही ते किती, आणि खरोखर सुटून गेलेले किती.

एक काल्पनिक पण नेहमी आढळणारे उदाहरण घेऊ. सांगलीतील एक निवृत्त शिक्षिका, वय ६७. आर्थिक वर्ष २०२३-२४ साठी त्यांनी जुन्या करप्रणालीने जुलै २०२४ मध्ये विवरणपत्र भरले. निवृत्तिवेतन ४,८०,००० रुपये. व्याज दाखवले १,९४,४८० रुपये. त्यात राष्ट्रीयीकृत बँकेतील मुदत ठेवींचे १,१२,४८० आणि पोस्टातील ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचे ८२,००० रुपये. या योजनेचा दर त्या वर्षी ८.२ टक्के होता आणि त्यांचे दहा लाख त्यात होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांना कलम १३३(६) खाली नोटीस आली. एआयएसप्रमाणे व्याज ३,६९,२२० रुपये दिसते, विवरणपत्रात १,९४,४८० आहे, तेव्हा १,७४,७४० रुपयांच्या फरकाचा खुलासा करावा, असा तिचा आशय.

अशा वेळी दोन प्रतिक्रिया हमखास होतात. एक म्हणजे घाबरून सगळे मान्य करणे, ‘कशाला कटकट, भरून टाकू’ म्हणत. दुसरी म्हणजे कागद कपाटात टाकून विसरणे. पहिलीची किंमत पुढे हिशेबात दिसेलच. दुसरीची किंमत अशी की खुलासा न आल्यास खाते संगणकातला आकडाच खरा धरून पुढची कारवाई करू शकते आणि प्रकरण फेरआकारणीपर्यंत जाऊ शकते. उत्पन्न कमी दाखवल्याचे ठरले तर कलम २७०अ खाली त्यावरील कराच्या ५० टक्के दंड लागतो. माहिती जाणूनबुजून चुकीची दिल्याचे ठरले तर २०० टक्के.

उत्तर लिहिण्याआधी नोटीस खरी आहे का ते पाहावे. ऑक्टोबर २०१९ पासून खात्याच्या प्रत्येक पत्रावर दस्तऐवज ओळख क्रमांक, म्हणजे ‘डीआयएन’, असावा लागतो. `incometax.gov.in` या संकेतस्थळावर `Authenticate Notice/Order Issued by ITD` या दुव्यात तो क्रमांक टाकला की नोटीस खात्याने काढली आहे की नाही हे कळते. खऱ्या नोटिशीच्या नावाखाली पैसे भरण्याची लिंक पाठवणारे भामटे बरेच आहेत. म्हणून ईमेलमधील दुव्यावरून आत न जाता संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करूनच लॉगिन करावे. नोटिशीवरचे कलमही नीट वाचावे. कलम १३३(६) ची नोटीस माहिती मागते. कलम १४३(२) ची नोटीस असेल तर छाननी सुरू झालेली असते आणि चूक सुधारण्याची एक मोठी वाट बंद होते. ती कोणती, ते पुढे येते.

यानंतरचे काम म्हणजे जुळवणी. उत्तराची सारी ताकद तिच्यात असते. पत्र हे तिचे फक्त शेवटचे पान. एआयएस डाउनलोड करून व्याजाची प्रत्येक ओळ वेगळी करायची. तिच्यासमोर बँकेचे व्याज प्रमाणपत्र, पासबुक आणि विवरणपत्रातील आकडा ठेवायचा. या शिक्षिकांच्या एआयएसमध्ये सहा रकमा निघाल्या: बँकेच्या टीडीएस ओळीत १,१२,४८०, त्याच बँकेच्या मुदत ठेवींच्या अहवालात ४५,२००, ३८,७०० आणि २८,५८० अशा तीन नोंदी, बेरीज पुन्हा १,१२,४८०, पोस्टाचे ८२,०००, दुसऱ्या बँकेतील एका संयुक्त ठेवीचे ४६,३००, बचत खात्याचे १४,६२०, आणि आदल्या वर्षीच्या कर-परताव्यावर खात्यानेच दिलेले व्याज १,३४० रुपये.

पहिला उलगडा इथेच होतो. टीडीएसची एक ओळ आणि ठेवींच्या तीन ओळी हे एकच व्याज आहे. संगणक अशी पुनरावृत्ती बहुतेक वेळा ओळखतो आणि सारांशात एकदाच धरतो. मात्र एका बाजूला एकूण रक्कम आणि दुसऱ्या बाजूला ठेववार तुकडे असतील, तर ती सुटूही शकते. ओळखण्याची खूण सोपी आहे: स्रोत तोच, वर्ष तेच आणि तुकड्यांची बेरीज रुपयाला रुपया जुळते. बेरीज जुळत नसेल तर मात्र दुहेरी नोंद म्हणण्याची घाई करू नये. बहुधा एखादी ठेव विवरणपत्रातून सुटलेली असते.

संयुक्त ठेवीचा प्रश्न जास्त नाजूक आहे. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाने स्वतःच्या खात्यातून पैसे पाठवून ही ठेव केली आणि शाखेत जाणे सोयीचे म्हणून आईचे नाव पहिले घातले. बँक व्याज बहुधा पहिल्या नावाच्या पॅनवर कळवते. कर मात्र नावाच्या क्रमावर ठरत नाही, पैसा कोणाचा यावर ठरतो. पैसा मुलाचा असेल आणि त्याने हे ४६,३०० रुपये आपल्या विवरणपत्रात दाखवले असतील, तर आईच्या उत्पन्नात ते येत नाहीत. पण तीच रक्कम मुलाने आईला भेट दिली असती तर व्याज आईचेच ठरले असते. आईच्या पैशांच्या ठेवीवर मुलाचे नाव नुसते दुसरे घातले असेल तरीही व्याज आईचेच. ‘दोन नावे म्हणजे निम्मे-निम्मे’ हा सर्रास आढळणारा समज कायद्यात बसत नाही. म्हणून या रकमेचा खुलासा शब्दांनी पुरा होत नाही. मुलाच्या खात्यातून रक्कम गेल्याचा बँकेचा उतारा आणि त्याच्या विवरणपत्राची प्रत, दोन्ही लागतात. मुलानेही हे व्याज दाखवले नसेल, तर आधी त्याचे विवरणपत्र दुरुस्त करावे आणि मग आईचे उत्तर लिहावे.

उरले बचत खात्याचे १४,६२० आणि परताव्यावरचे १,३४०, एकूण १५,९६० रुपये. हे खरोखर राहून गेले होते. बचत खात्यावर टीडीएस कापला जात नाही, त्यामुळे ते व्याज करपात्र आहे हेच अनेकांच्या लक्षात येत नाही. परताव्यावरचे व्याज तर खात्याने स्वतः दिलेले असते, तरीही ते करपात्र असते. ज्येष्ठ नागरिकांना कलम ८०टीटीबी खाली व्याजावर ५०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते, पण या शिक्षिकांची ती मर्यादा ठेवींच्या व्याजातच संपली होती. म्हणून १५,९६० रुपयांवर २० टक्के दराने ३,१९२ आणि त्यावर चार टक्के उपकर धरून सुमारे ३,३२० रुपये कर येतो.

आता सगळे मान्य करण्याची किंमत काढता येते. आपल्या नसलेल्या किंवा दोनदा मोजलेल्या १,५८,७८० रुपयांवर त्यांनी मान डोलावली असती, तर उपकरासह सुमारे ३३,००० रुपये जास्त भरावे लागले असते, आणि तेही दंड न धरता.

सुटलेल्या रकमेसाठी वाट आहे ती अद्ययावत विवरणपत्राची. २०२३-२४ या आर्थिक वर्षाचे, म्हणजे २०२४-२५ या आकारणी वर्षाचे, सुधारित विवरणपत्र भरण्याची मुदत १५ जानेवारी २०२५ ला संपली होती. त्यानंतर कलम १३९(८अ) खालचे अद्ययावत विवरणपत्र उरते. आकारणी वर्ष संपल्यापासून पहिल्या बारा महिन्यांत, इथे ३१ मार्च २०२६ पर्यंत, ते भरले तर कर आणि व्याज यांच्या बेरजेवर २५ टक्के जादा कर लागतो. दुसऱ्या वर्षात ५० टक्के लागतो. २०२५ च्या वित्त कायद्याने ही मुदत चार वर्षांपर्यंत वाढवली आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षांसाठी ६० व ७० टक्के दर ठेवले. व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्या ज्येष्ठ नागरिकांना आगाऊ कर भरावा लागत नाही, म्हणून तो न भरल्याचे व्याजही या शिक्षिकांना लागत नाही. ३,३२० वर २५ टक्के म्हणजे ८३० रुपये. एकूण ४,१५० च्या आसपास. छाननी सुरू असलेल्या वर्षासाठी मात्र अद्ययावत विवरणपत्र भरता येत नाही. मघाशी उल्लेखलेली, कलम १४३(२) च्या नोटिशीने बंद होणारी वाट ती हीच.

पत्रासोबत आणखी एक काम आहे. एआयएसमध्ये प्रत्येक ओळीवर अभिप्राय नोंदवता येतो. दुहेरी नोंदीसाठी `Information is duplicate / included in other information` हा पर्याय, आणि दुसऱ्याच्या पॅनचे उत्पन्न असेल तर `Information relates to other PAN/Year` हा. अभिप्राय नोंदवला की तो पडताळणीसाठी बँकेकडे जाऊ शकतो. बँक तो मान्य करील किंवा नाकारील. मात्र अभिप्राय दिला म्हणजे नोटिशीला उत्तर दिले असे होत नाही. ही चूक बरेच जण करतात, आणि मग ‘मी तर ऑनलाइन कळवले होते’ म्हणत बसतात. नोटिशीचे उत्तर तिच्यात सांगितलेल्या ठिकाणीच, तिच्यात दिलेल्या मुदतीत नोंदवायचे असते. मुदत पुरणार नसेल तर ती संपण्याआधी वाढवून मागावी.

पत्र छोटे असावे. वाचणारा अधिकारी कदाचित दुसऱ्याच शहरात बसलेला असतो, त्याला करदाता ओळखत नाही आणि त्याच्यासमोर अशी अनेक प्रकरणे असतात. त्याला आकडा हवा असतो, त्या आकड्याचे कारण आणि त्याचा पुरावा. इतक्या वर्षांची प्रामाणिक सेवा, प्रकृतीच्या तक्रारी, संगणक येत नसल्याची अडचण, यांतले काही पत्रात लिहू नये. त्याने फरकातला एक रुपयाही कमी होत नाही. अधिकाऱ्याला मराठी येत असेलच असे नाही, म्हणून प्रत्यक्ष पत्र इंग्रजीत किंवा हिंदीत पाठवणे सोयीचे. या शिक्षिकांच्या पत्राचा मजकूर मराठीत असा होईल:

विषय: आकारणी वर्ष २०२४-२५, कलम १३३(६) खालील नोटीस, डीआयएन व दिनांक (नोटिशीप्रमाणे), पॅन (क्रमांक) – व्याजाच्या फरकाचा खुलासा.

महोदय,

उपरोक्त नोटिशीत एआयएसप्रमाणे व्याज ३,६९,२२० रुपये व विवरणपत्राप्रमाणे १,९४,४८० रुपये असा १,७४,७४० रुपयांचा फरक दर्शवला आहे. त्याचा खुलासा पुढीलप्रमाणे.

१) रु. १,१२,४८०: बँकेच्या मुदत ठेवींचे हे व्याज एआयएसमध्ये दोनदा आले आहे, एकदा कलम १९४अ च्या नोंदीत आणि एकदा मुदत ठेवींच्या तीन नोंदींत (४५,२०० + ३८,७०० + २८,५८०). हेच व्याज विवरणपत्रात एकदा दाखवलेले आहे. बँकेचे व्याज प्रमाणपत्र जोडले आहे (जोडपत्र १).

२) रु. ४६,३००: ही ठेव माझ्या व माझ्या मुलाच्या नावे आहे. रक्कम पूर्णतः मुलाच्या खात्यातून भरली असून व्याज त्याने त्याच्या विवरणपत्रात दाखवले आहे. त्याचा पॅन, खात्याचा उतारा आणि विवरणपत्राची प्रत जोडली आहे (जोडपत्र २ व ३).

३) रु. १५,९६०: बचत खात्याचे व्याज १४,६२० व कर-परताव्यावरील व्याज १,३४० रुपये दाखवायचे राहिले होते. त्यावरील कर व जादा कर भरून अद्ययावत विवरणपत्र सादर केले आहे. पोचपावती व चलन जोडले आहे (जोडपत्र ४).

वरील तीन रकमांची बेरीज १,७४,७४० रुपये होते. हा खुलासा स्वीकारून कार्यवाही बंद करावी, ही विनंती.

पत्राचे वजन शेवटच्या बेरजेत आहे. तीन कारणांची बेरीज नोटिशीतल्या फरकाइतकीच आली की अधिकाऱ्याला विचारायला काही उरत नाही. शंभर रुपयांचीही तफावत राहिली तर पुढचा प्रश्न तिच्यावरूनच येतो. तिसऱ्या मुद्द्याची भूमिकाही महत्त्वाची आहे. राहून गेलेली रक्कम आपणहून मान्य केल्यामुळे पहिल्या दोन मुद्द्यांवर विश्वास ठेवणे सोपे जाते. म्हणून अद्ययावत विवरणपत्र आधी भरावे आणि मग पत्र पाठवावे. ‘भरणार आहे’ असे आश्वासन पुराव्याच्या जागी चालत नाही.

या उदाहरणात नसलेले एक कारण फार वेळा आढळते, ते म्हणजे मुदत संपल्यावर व्याज देणारी ठेव. समजा पाच लाख रुपये सात टक्के दराने, तिमाही चक्रवाढीने, पाच वर्षांसाठी ठेवले. मुदतीअंती सुमारे ७,०७,००० रुपये हातात येतात, म्हणजे व्याज सुमारे २,०७,०००. ठेवीदाराला वाटते की पैसे मिळतील तेव्हा व्याज दाखवू. बँक मात्र दरवर्षी साठलेले व्याज त्या त्या वर्षी कळवते: पहिल्या वर्षी सुमारे ३५,९००, पाचव्या वर्षी सुमारे ४७,४००. पहिली चार वर्षे एआयएसमधला आकडा विवरणपत्रापेक्षा मोठा दिसतो आणि सूचना येऊ लागतात.

हाती पडेल तेव्हा उत्पन्न धरणे कायद्याने चुकीचे नाही. कलम १४५ प्रमाणे व्याजाचे उत्पन्न रोखीच्या पद्धतीनेही मोजता येते आणि साठत जाईल तसेही. अट अशी की पद्धत नियमितपणे तीच ठेवली पाहिजे. एका ठेवीला एक आणि दुसरीला दुसरी, किंवा कर कमी येईल त्या वर्षी वेगळी, असे चालत नाही. उत्तरात आधीच्या वर्षांची विवरणपत्रे दाखवून पद्धत पूर्वीपासूनची आहे हे सिद्ध करावे लागते.

नेमकी चूक होते ती टीडीएसच्या बाबतीत. व्याज पाचव्या वर्षी दाखवायचे आणि दरवर्षी कापलेला टीडीएस मात्र दरवर्षी मागून घ्यायचा, असे अनेक जण करतात. नियम ३७बीए सांगतो की कापलेल्या कराचे श्रेय त्या वर्षी मिळते ज्या वर्षी ते उत्पन्न करासाठी धरले जाते. विवरणपत्रातील टीडीएसच्या तक्त्यात ही रक्कम पुढच्या वर्षी ओढून नेण्याची सोय त्यासाठीच आहे. टीडीएस मागितला आणि उत्पन्न दाखवले नाही, ही विसंगती संगणक सहज पकडतो, आणि अशा नोटिशीला रोखीच्या पद्धतीचा खुलासा टिकत नाही. प्रत्यक्षात बहुतेक सामान्य ठेवीदारांसाठी दरवर्षीचे साठलेले व्याज दरवर्षी दाखवणेच सोयीचे. आकडे जुळतात, टीडीएस अडकत नाही आणि पाचव्या वर्षी सगळे व्याज एकदम येऊन वरच्या टप्प्यात जाण्याचा धोकाही टळतो.

उत्तर सादर झाल्यावर मिळणारा पोच क्रमांक जपून ठेवावा. पत्राची प्रत व जोडपत्रे त्याच्यासोबतच ठेवावीत. बँकेने एआयएसमधील अभिप्राय नाकारला तरी व्याज प्रमाणपत्र हाती असल्यास अधिकाऱ्यासमोर बाजू मांडता येते. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या प्राप्तिकर कायदा, २०२५ मध्ये कलमांचे क्रमांक बदलले आहेत, पण त्याआधीच्या वर्षांच्या उत्पन्नाला १९६१ चाच कायदा लागतो. म्हणून पत्रात नोटिशीवर छापलेलेच कलम लिहावे.

या शिक्षिकांच्या बाबतीत एक काम मात्र प्राप्तिकर खात्यात होणार नाही, ते बँकेच्या शाखेतच करावे लागेल. संयुक्त ठेवीचे व्याज मुलाचे आहे असे लेखी निवेदन त्याच्या पॅनसह बँकेला द्यायला हवे, किंवा ठेवीचे नूतनीकरण करताना मुलाचे नाव पहिले घालून घ्यायला हवे. तोपर्यंत ते व्याज दरवर्षी आईच्याच एआयएसमध्ये उमटत राहील.